सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर ५.१ कशाला?

मुलुंड किंवा बोरिवलीतला दहा बाय बारा फुटांचा हॉल घ्या. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकलेला सोफा. इथे ५.१ साउंडबार घेणे मला पटत नाही. त्यातले दोन स्पीकर प्रेक्षकाच्या मागे किंवा बाजूला थोडे दूर हवेत. तेवढी जागा नसेल तर ते कानाशी येतात आणि समोरचे संवाद झाकतात.

त्यापेक्षा ३.१ बरा. त्यातला मधला स्पीकर मुख्यतः संवादांसाठी असतो, त्यामुळे रात्री आवाज कमी ठेवूनही बोलणे कळते. शेवटचा ‘१’ म्हणजे सबवूफर. तो कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो आणि शेजारी दार वाजवतात.

खरेदीआधी टीव्हीच्या मागे ‘HDMI ARC’ किंवा ‘eARC’ लिहिलेले पोर्ट शोधा. असेल तर एकाच केबलवर काम भागते आणि सहसा टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. नसेल तर ऑप्टिकल केबल चालते. मात्र तिच्यातून डॉल्बी अ‍ॅटमॉस जात नाही. मग त्यासाठी जादा पैसे का मोजायचे?

सोनी, सॅमसंग, एलजी, जेबीएल यांपैकी काहीही निवडा, पण दुकानात गाणे नव्हे, बातम्या लावून ऐका. शब्द स्पष्ट आले, की मगच सर्व्हिस सेंटर आणि वॉरंटीची चौकशी करा.