‘अनुभव : नाही’ असे कोण ठरवले?

नोकरीचा अर्ज कागदावरच नाकारला गेला की बाईने गप्प बसावे, अशी आपल्याकडची रीत आहे. घरचे म्हणतात, "एकदा नाही म्हणाले ना, मग परत कशाला तोंड दाखवायचं?" पुन्हा लिहिणे म्हणजे लाचारी, असे तिलाही वाटते. मला हे साफ नामंजूर आहे. मुलाखतीत नकार मिळाला तर निदान माणसाने माणूस पाहिलेला असतो. अर्जाच्या पायरीवर मात्र कुणीतरी गठ्ठा चाळून एका रकान्यावर बोट ठेवलेले असते. तो रकाना आपण अपुरा भरला असेल, तर तो नव्या पुराव्याने भरून पुन्हा पुढे ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आष्ट्यातल्या आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचेच उदाहरण घेऊ. बी.ए. झालेली, वय चौतीस. सांगलीच्या एका संस्थेत क्षेत्र समन्वयकाची जागा निघाली. अटी अशा : पदवी, तीन वर्षांचा अनुभव, हिशेब ठेवता यावा, गावोगाव फिरण्याची तयारी. हिने बायोडाटात नवऱ्याचे नाव, जात, जन्मतारीख सगळे लिहिले आणि अनुभवापुढे लिहिले, "नाही. गृहिणी." आठ दिवसांत उत्तर आले : अनुभवाच्या निकषात बसत नाही.

ही बाई सात वर्षे बारा जणींच्या बचत गटाची सचिव होती. दरमहा प्रत्येकीचे शंभर रुपये, म्हणजे सात वर्षांत एक लाख आठशे रुपयांची बचत तिच्या हातून वहीत चढली. बँकेचे कर्ज दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा फेडले. बैठकीचे इतिवृत्त, कर्जवाटपाची नोंद, बँकेच्या खेपा, हप्ता थकला की त्या घरी जाऊन बोलणे, हे सगळे तिचेच काम. पगार नव्हता म्हणून तिच्या लेखी तो अनुभव नव्हता. आणि तिनेच लिहिले नाही, तर तिकडच्या माणसाला तो कळणार कसा?

दुसऱ्या पत्राचा पहिला खर्डा तिने केला तो असा : घरची परिस्थिती हलाखीची आहे, दोन मुले आहेत, कृपया एक संधी द्यावी. यात खोटे काहीच नव्हते, पण नकाराच्या कारणाला यात उत्तरही नव्हते. परिस्थिती वाचून समोरचा हळहळेल फार तर. अनुभवाचा रकाना रिकामाच राहील. तसेच "माझ्यावर अन्याय झाला" एवढेच लिहूनही काही साधत नाही, कारण निवडणाऱ्याला आपला निर्णय बदलायला काहीतरी आधार हवा असतो. तो आधार म्हणजे पहिल्या अर्जात नसलेला कागद.

मग गटात बसून पत्र नव्याने लिहिले. एकच पान. सुरुवातीला अर्जाची तारीख, पदाचे नाव आणि त्यांनी दिलेले नकाराचे कारण, त्यांच्याच शब्दांत. मग सात वर्षांच्या कामाच्या चार ओळी, आकड्यांसह. सोबत तीन कागद : दोन्ही कर्जे मुदतीत फेडल्याचे बँकेचे पत्र, जे या कामासाठीच मागून घेतले, तिच्या हस्ताक्षरातल्या वहीच्या तीन पानांच्या झेरॉक्स, सभासदांची नावे झाकून, आणि गटाच्या ठरावाची प्रत, ज्यात सचिव म्हणून तिचे नाव व कालावधी आहे. प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची आणि बँकेचे पत्र सासरच्या नावाचे, म्हणून दोन्ही नावे एकाच बाईची असल्याचे एका ओळीत लिहून पुरावा जोडला. शेवटी एक वाक्य : "एका महिन्याच्या पावत्या द्याव्यात, मी आपल्यासमोर बसून जमाखर्च मांडून दाखवीन." पत्र कार्यालयाच्या नावे न धाडता प्रकल्पप्रमुखांच्या नावे दिले, मुलाखती सुरू व्हायच्या आत. आठवड्याने एकदा फोन. त्यापुढे पाठपुरावा करायचा नाही, असेही ठरवले होते.

तिला मुलाखतीचे बोलावणे आले. नेमणूक दुसऱ्या एका अधिक अनुभवी बाईची झाली. तरी मी या पत्राला यशस्वीच म्हणते, कारण आता तिची तुलना माणसाशी झाली, रिकाम्या रकान्याशी नाही.

"परीक्षा घ्या" असे म्हणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांचा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला प्रवेश सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. तो प्रश्न प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हता, पण नकार असाच अर्जावरचा होता. त्या हटून बसल्या आणि वर्षभराच्या अजमावणीवर आत गेल्या. त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पण मैत्रिणींनो, ही गोष्ट अर्धीच सांगू नका. ती वर्षभराची अट सोबतच्या मुलांना नव्हती. म्हणून परीक्षा जरूर द्या, पण ती तासा-दोन तासांची आणि सर्व उमेदवारांना सारखी असावी. "दोन महिने बिनपगारी काम करून दाखवा" असे कुणी म्हणाले, तर ती परीक्षा नसून वेठ आहे.

जिथे बाई असणे हेच नकाराचे कारण असते, तिथे पुरावा जोडत बसू नये. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. तेव्हा सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले ते त्या नियमावर बोट ठेवणारे होते. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावले गेले आणि नोकरीही मिळाली. भरतीत स्त्रीपुरुष भेद करू नये असे १९७६ चा समान वेतन कायदा सांगत होता. आता २०१९ च्या वेतन संहितेचे कलम ३ तेच सांगते. "लग्न झालंय, मूल लहान आहे" असे कारण मिळाले तर ते लेखी मागा आणि गटाला सोबत घ्या. सरकारी भरतीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात, नंतर मिळवलेला कागद चालत नाही. तिथे यादीवर मुदतीत हरकत घेणे एवढाच मार्ग.

शेवटचे बोलायचे आहे ते आपल्याच संस्थांशी. घरकामाला श्रम म्हणा, असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि आपल्याच जाहिरातीत "तीन वर्षांचा अनुभव" एवढेच छापतो. गट चालवणाऱ्या, वस्तीत रेशनकार्डांची कामे करणाऱ्या, पोलीस ठाण्यात दुसरीसाठी बसून राहणाऱ्या बायांचे अर्ज आपणही त्याच रकान्यावरून बाजूला काढतो. माझी मागणी तीन ओळींची आहे. बिनपगारी काम अनुभवात धरू असे जाहिरातीत लिहा. नकाराच्या पत्रात कारण लिहा. आणि त्या कारणाला उत्तर द्यायला दहा दिवस ठेवा, मुलाखती त्यानंतर घ्या. बाहेरच्या कंपन्यांकडे हे मागायला जायचे, तर आधी आपल्या कार्यालयातला अर्जांचा गठ्ठा पुन्हा एकदा उघडायला हवा.