विश्लेषण: ताप गेला, पण डोकं अजून धुक्यात? ‘ब्रेन फॉग’ म्हणजे काय आणि डॉक्टरकडे कधी जायचं?

समजा, वाळूज एमआयडीसीतला ३२ वर्षांचा एक सुपरवायझर डेंग्यूतून उठला आहे. ताप जाऊन तीन आठवडे झाले, प्लेटलेट्सही नॉर्मल आल्या. पण शिफ्टचा रिपोर्ट लिहिताना तो एकच ओळ दोनदा वाचतो, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही आणि दुपारपर्यंत डोकं बधिर होतं. यालाच ब्रेन फॉग म्हणतात. हे आजाराचं नाव नाही, लक्षणांचं वर्णन आहे. त्यामुळे त्यामागचं कारण शोधावं लागतं.

आतापर्यंत काय कळलंय?

सर्वाधिक अभ्यास कोविडवर झाला. इंग्लंडमधल्या १ लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात (२०२४) कोविड होऊन पूर्ण बरे झालेल्यांची बौद्धिक चाचणीतली कामगिरी, कोविड न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे ३ आयक्यू गुणांइतकी कमी दिसली. ज्यांची लक्षणं टिकून होती, त्यांच्यात हा फरक सुमारे ६ गुणांचा होता. पण हा गटांमधला सरासरी फरक आहे, त्यावरून एकट्या माणसाचं निदान होत नाही.

अजून काय स्पष्ट नाही?

रेंगाळलेली सूज, रक्तवाहिन्यांतले बदल, बिघडलेली झोप अशी अनेक कारणं संशोधक तपासत आहेत. ब्रेन फॉग सिद्ध करणारी रक्ततपासणी किंवा एमआरआय नाही आणि खात्रीचं औषधही नाही. डेंग्यू, चिकनगुन्यानंतरच्या ब्रेन फॉगबद्दलची माहिती तर कोविडपेक्षा खूपच कमी आहे.

मग डॉक्टर काय बघतात?

आधी उपचार होऊ शकतील अशी कारणं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासतात. शाकाहारी लोकांत बी-१२ कमी असणं नवीन नाही. झोप, मनःस्थिती आणि सुरू असलेली औषधंही विचारतात, कारण अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. आपल्या सुपरवायझरचं बी-१२ कमी निघालं, तर उपचार त्याचेच होतील. सगळं नॉर्मल आलं, तर कामाचे लहान टप्पे पाडायचे. जास्त काम केल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल, तर रेटून काम करू नये.

कधी जायचं?

त्रास हळूहळू कमी होत असेल, तर थोडी वाट बघता येते. चार आठवड्यांनंतरही कामात अडथळा येत असेल किंवा त्रास वाढत असेल, तर फिजिशियनला दाखवा. जाताना लक्षणांची तारीखवार नोंद न्या.

अचानक बरळणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, झटके किंवा तापासोबत मान आखडणं हा ब्रेन फॉग नव्हे. डेंग्यूचा ताप उतरताना खूप सुस्ती किंवा अस्वस्थता येणं हीसुद्धा धोक्याची खूण आहे. अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा थेट घाटीच्या अपघात विभागात जा.