रजेचा अर्ज

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट-पीजीसाठी रजेचा अर्ज लिहिला. विषय होता ‘अध्ययन रजा’, आणि घोडं तिथेच अडलं. अध्ययन रजा असते ती प्रत्यक्ष अभ्यासक्रमासाठी. प्रवेश परीक्षेच्या तयारीला मागायची ती अर्जित रजा, आणि ती शिल्लक नसेल तर बिनपगारी असाधारण रजा. नोकरी बंधपत्राची असेल, तर गेलेले दिवस पुढे भरून द्यायची तयारी अर्जातच लिहावी, म्हणजे कारकुनाला शेरा मारायला जागा उरत नाही. बाईंच्या पहिल्या मसुद्यात लहानपणापासूनच्या स्वप्नावर अख्खा परिच्छेद होता; तो खुशाल उडवावा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पडणारा प्रश्न वेगळाच असतो: रात्री बाळंतीण आली तर कोण? म्हणून दुसऱ्या मसुद्यात रजेच्या तारखा, परीक्षेची तारीख, शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरांची कार्यभार घेण्याची लेखी संमती आणि प्रवेशपत्र आल्यावर जोडण्याची हमी, एवढंच राहिलं. अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत गेला, पोच घेतलेली प्रत बाईंच्या फायलीत. मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत मात्र बाह्यरुग्ण विभाग सोडायचा नाही, कारण अर्ज दिला म्हणजे रजा मिळाली असं होत नाही.