बरोबर उत्तर, चुकीचा हिशेब

रब्बीचे आवर्तन सुरू झाले की चारीच्या मुखाशी बसवलेल्या धारदार माथ्याच्या आयताकृती विअरवर रोज गेज वाचले जाते आणि तक्त्यावरून विसर्ग लिहिला जातो. पाणी वापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने द्यायचे असल्याने या नोंदीवरच आकारणी ठरते. मात्र अनेक तक्ते Q = 1.84 L H^1.5 या उघड्या सूत्रावर बेतलेले असतात. त्यात दोन दुरुस्त्या राहून जातात.

उदाहरण घेऊ. चारीची रुंदी 2.5 मीटर, विअरची लांबी 1.5 मीटर, माथा तळापासून 0.5 मीटर उंच आणि माथ्यावर पाणी 0.25 मीटर. उघडे सूत्र सेकंदाला 345 लिटर सांगते.

पहिली दुरुस्ती टोकांच्या आकुंचनाची. कडेने आत वळणारे पाणी धार ओलांडल्यावरही आतच सरकते, त्यामुळे पडदा अरुंद होतो. जेम्स फ्रान्सिस यांनी 1852 मध्ये अमेरिकेतील लॉवेल येथे केलेल्या प्रयोगांवरून प्रत्येक टोकाला 0.1H लांबी वजा करायचे ठरले. येथे टोके दोन, म्हणून लांबी 1.45 मीटर धरायची. विसर्ग 333.5 लिटरवर येतो.

दुसरी दुरुस्ती आगमन वेगाची. विअरकडे येणारे पाणी स्थिर नसते. 333.5 लिटरला 2.5 × 0.75 चौरस मीटर छेदाने भागले की वेग सेकंदाला 0.178 मीटर आणि वेगशीर्ष सुमारे 1.6 मिलिमीटर येते. H^1.5 च्या जागी (H + h)^1.5 − h^1.5 घातले की विसर्ग 336.5 लिटर होतो. म्हणजे उघडे सूत्र 8.5 लिटर जास्त दाखवत होते. दिवसाला सुमारे 734 घनमीटर पाणी संस्थेच्या खात्यावर फुकट चढत होते.

आता विअरमागे 30 सेंटिमीटर गाळ साचला असे समजा. माथ्याची उंची 0.2 मीटरच उरते, छेद आक्रसतो आणि वेग वाढतो. दोनदा फिरवून हिशेब केला की विसर्ग 342 लिटर येतो. उघड्या सूत्राचे 345 आता जवळजवळ बरोबर वाटते, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात. पडताळणी अशा दिवशी केली, तर सदोष तक्ताही पास होतो.

हे 342 देखील पक्के नव्हे. माथ्याची उंची H पेक्षा कमी झाली की तळाकडून होणारे आकुंचन मंदावते आणि प्रत्यक्ष विसर्ग फ्रान्सिस सूत्रापेक्षा जास्त असतो. माथ्याची उंची H च्या दुपटीहून कमी दिसली की दुरुस्तीवर विसंबू नये, गाळ काढावा.

म्हणून आमचा आग्रह आहे की गेज नोंदवहीत माथ्याच्या उंचीचा एक रकाना वाढवावा आणि प्रत्येक आवर्तनाआधी ती मोजून लिहावी.