पावतीचे नाव यंत्राने ठेवावे का?

सिन्नरच्या बाजारात कांदा विकून येणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात एक हिशोबपट्टी असते. वर्षभरात अशा पुष्कळ पट्ट्या साठतात. त्यांची छायाचित्रे संगणकात घातली, की त्यांना निरर्थक क्रमांकांची नावे मिळतात आणि हवी ती पट्टी सापडत नाही. त्यावर तोड म्हणून अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीकडून तारीख व रक्कम वाचून घेऊन त्यावरूनच नाव देतात. टेसरॅक्ट ही अशी एक विनामूल्य आज्ञावली आहे. ती मराठीही वाचते:

```
tesseract patti.jpg vachan -l mar
```

`vachan.txt` मध्ये मजकूर उतरतो. पण त्यावरून लगेच नाव बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते पाहा.

समजा, पट्टीवर १२.४० क्विंटल कांदा, दर १,८५० रुपये, एकूण २२,९४० रुपये, हमाली-तोलाई १८६ रुपये आणि निव्वळ २२,७५४ रुपये असे छापले आहे. 'सर्वांत मोठा आकडा म्हणजे रक्कम' हा सोपा नियम लावला, तर यंत्र २२,९४० उचलील. हातात आलेले पैसे तेवढे नव्हतेच! म्हणून 'निव्वळ' या शब्दापुढचाच आकडा घ्यावा.

दुसरी अडचण देवनागरी अंकांची. शाई फिकी असली की १ आणि ९ यांत गफलत होते. १८६ चे ९८६ वाचले गेले असे धरा. आता वजाबाकी करा: २२,९४० मधून ९८६ गेले, उरले २१,९५४. पट्टीवरच्या निव्वळ रकमेशी ८०० चा फरक पडला. नऊ वजा एक आठ. म्हणजे चूक शतकाच्या घरात आहे, हे फरकच सांगतो. हिशेब जुळेल त्याच पट्टीला नाव द्यावे. बाकीच्या वेगळ्या ठेवून डोळ्यांनी तपासाव्यात.

तारखेला मात्र असा ताळा नाही. ११ मार्चचा १९ मार्च झाला, तरी तारीख खरीच वाटते. (९१ झाला असता तर लगेच कळले असते.) येथे पट्टीचा क्रमांक उपयोगी पडतो. एकाच व्यापाऱ्याच्या पुस्तकातल्या पट्ट्या क्रमांकाने लावल्या, तर तारखा मागे जाता कामा नयेत.

नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहावा: `2024-03-11_22754_0418.jpg`. दिवस आधी लिहिला, तर सगळ्या महिन्यांचे अकरा तारखेचे कागद एकत्र येतात. शेवटचे चार अंक पट्टीच्या क्रमांकाचे. ते नसतील, तर एकाच दिवशीच्या सारख्या रकमेच्या दोन पट्ट्यांना एकच नाव मिळेल आणि काही आज्ञा काहीही न विचारता पहिली पुसून दुसरी तेथे ठेवतात. लिनक्सवर `mv -n` लिहिल्यास तसे होत नाही.

हाताने लिहिलेल्या पट्ट्या टेसरॅक्टला फारशा वाचता येत नाहीत. त्यांची नावे सरळ आपणच टंकावीत.