‘निषिद्ध’ रेषा खरोखर निषिद्ध आहेत काय ?

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत अणूंच्या कांहीं वर्णरेषांना ‘निषिद्ध’ असें म्हटलेलें आढळतें. आमच्या मतें हा शब्द विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारा आहे, आणि याची साक्ष आकाशांतील तेजोमेघच देतात.

इ. स. १८६४ मध्यें विल्यम हगिन्स या इंग्रज ज्योतिर्विदानें एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला. त्यांत मोजक्याच तेजस्वी रेषा दिसल्या. पुढें सूक्ष्म मोजणी झाली, तेव्हां त्यांपैकीं ५००७ व ४९५९ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या दोन हिरव्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशीं जुळेनात. म्हणून ‘नेब्युलियम’ नांवाचें नवें मूलद्रव्यच कल्पिण्यांत आलें. अखेर १९२७ सालीं आयरा बोवेन यांनीं दाखवून दिलें कीं, या रेषा आपल्या नित्याच्या प्राणवायूच्याच आहेत. मात्र त्याच्या अणूनें दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात.

मग त्या प्रयोगशाळेंतील नळींत कां दिसत नाहींत ? अणु सामान्यतः प्रकाश देतो तो, एका अवस्थेंतून दुसरींत जातांना त्याचा विद्युद्भार इकडून तिकडे डोलतो म्हणून. निवडीचे नियम सांगतात कीं, असें डोलणें कोठें शक्य आहे. प्रस्तुत रेषांच्या वरच्या व खालच्या दोन्ही अवस्थांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन एकाच प्रकारच्या कक्षांत असतात. त्यामुळें एका बाजूस जितका भार सरकतो तितकाच दुसऱ्या बाजूसही सरकतो, आणि डोलणें उरतच नाहीं. राहतो तो मुख्यतः चुंबकीय स्वरूपाचा, अतिशय दुर्बळ मार्ग. नित्याच्या संक्रमणास सेकंदाचा सुमारें दहा कोटीवा भाग लागतो. येथें सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ लागतो.

नळींतील अणूस इतकी सवड कोठली ? दुसऱ्या कणाशीं किंवा नळीच्या भिंतीशीं टक्कर होऊन त्याची ऊर्जा आधींच हिरावली जाते. तेजोमेघांत मात्र एका घन सेंटिमीटरांत बहुधा कांहीं हजारच कण असतात, आणि अणूस निवांतपणें प्रकाश देतां येतो. विरळपणा हेंच कारण असल्याची खूणही आहे : इलेक्ट्रॉनांची संख्या घन सेंटिमीटरांत सात लाखांच्या बरीच वर गेली, म्हणजे इतर रेषांच्या मानानें या रेषा मंदावतात.

खरी बंदी मुळींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. याच अणूच्या दोन अवस्थांत एकूण कोनीय संवेग शून्य असतो. प्रकाशाच्या एका कणानें निदान एक एकक संवेग नेलाच पाहिजे. म्हणून त्या दोहोंमध्यें एका प्रकाशकणानें संक्रमण कधींच होत नाहीं. ‘निषिद्ध’ हा शब्द अशाच ठिकाणीं शोभतो. बाकीच्यांस ‘विलंबी’ म्हणावें. म्हणजे रेषा दिसली नाहीं तर विद्यार्थी प्रथम विचारील, अणूस पुरेसा वेळ मिळाला होता काय?