कांद्याची आकृती आणि ‘आवश्यक तेथे’ : राज्य शिक्षण मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे


बारावीच्या अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत वरच्या सूचनांमध्ये, आवश्यक तेथे आकृत्या व तक्ते काढावेत, असे एक वाक्य असते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो तेव्हा दर वर्षी कोणीतरी विचारायचेच, “सर, आवश्यक म्हणजे नेमके कुठे? आणि काढली तर किती मार्क?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देत असे. दुसऱ्याचे मात्र गोलमोल देत असे, कारण गुणांची फोड प्रश्नपत्रिकेवरून कळत नाही.

निवृत्तीनंतर हा प्रश्न वेगळ्याच वाटेने पुन्हा समोर आला. माझी पुतणी अमेरिकेत शाळेत असताना एपी मायक्रोइकॉनॉमिक्सची परीक्षा देत होती आणि शंका मला विचारत होती. ती परीक्षा घेणारे कॉलेज बोर्ड दीर्घोत्तरी प्रश्न आणि त्यांचे गुणदानाचे निकष परीक्षेनंतर जाहीर करते. तिच्यासोबत मीही मागच्या काही वर्षांचे निकष वाचून काढले. तिथे आकृतीचा गुण नीटनेटकेपणाला नसतो, तिच्यातल्या एकेका विधानाला असतो. दोन्ही अक्षांना आणि वक्रांना नावे आहेत, समतोलाची किंमत व नगसंख्या दाखवली आहे, याला एक गुण. योग्य वक्र योग्य दिशेला सरकवून नवी किंमत व नगसंख्या दाखवली, याला दुसरा. प्रश्नात एखाद्या बिंदूला विशिष्ट नाव द्यायला सांगितले असेल, तर तेच नाव हवे. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी : आधीच्या भागात चूक झाली तरी पुढचे उत्तर त्या चुकीशी सुसंगत असेल, तर अनेक ठिकाणी पुढचा गुण मिळतो.

आपल्या प्रश्नपत्रिकांत मागणीतील विस्तार व मागणीतील वृद्धी यांतला फरक पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. मुले व्याख्या पाठ करतात आणि चुकतात आकृतीत. किंमत उतरली म्हणून जास्त मागणी झाली, तर त्याच वक्रावर खाली सरकायचे, तो विस्तार. किंमत तीच असून उत्पन्न किंवा आवड बदलली, तर सगळा वक्र उजवीकडे न्यायचा, ती वृद्धी. मागणीत हे निभावून जाते, कारण डावीकडून उजवीकडे उतरणारा वक्र उजवीकडे नेला काय आणि वर उचलला काय, चित्र एकच दिसते. पुरवठ्यात मात्र घात होतो. ‘वृद्धी’ म्हटले की हात वर जातो. वर चढणारा पुरवठा वक्र वर उचलला की तो प्रत्यक्षात डावीकडे जातो, म्हणजे मूल वृद्धी लिहून ऱ्हास काढते. म्हणून वर्गात मी ‘वर-खाली’ हे शब्दच बंद केले होते. एक किंमत पकडा, तिथून आडवी रेघ काढा आणि त्या किमतीला विक्रेते आता जास्त देतात की कमी, तेवढेच पाहा.

आता नावांकडे येतो. अक्षांची नावे म्हणजे शोभा, असा समज विद्यार्थ्यांचा आहे, आणि काही परीक्षकांचाही असावा. एक उदाहरण घेतो. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४मध्ये उठली. ‘निर्यातबंदीचा कांद्याच्या किमतीवरील परिणाम आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा’ असा प्रश्न आला असे समजा. निम्मा वर्ग पुरवठा उजवीकडे नेईल : कांदा देशातच राहिला, पुरवठा वाढला. उरलेला वर्ग मागणी डावीकडे नेईल : परदेशी गिऱ्हाईक गेले. बरोबर कोण?

सोयीचे काल्पनिक आकडे घेऊ. किलोला १० रुपये भाव असताना शेतकरी १०० टन विकतात, २० ला २००, ३० ला ३००. देशातली मागणी १० रुपयांना ४०० टन, २० ला ३००, ३० ला २००. परदेशी व्यापारी कोणत्याही भावाला १०० टन उचलतात. बंदीपूर्वी ३० रुपयांना देशी २०० आणि परदेशी १०० मिळून ३०० टन मागणी, पुरवठाही ३००. समतोल तिथे.

बंदी आली. ३० रुपयांना माल ३०० टन, गिऱ्हाईक २०० टनांचेच. १०० टनांचा अतिरिक्त पुरवठा भाव पाडू लागतो. भाव २५ वर आला की शेतकरी २५० टन आणतात आणि देशी ग्राहक २५० टनच घेतात. नवा समतोल तो.

आडव्या अक्षावर ‘शेतकऱ्यांनी विकलेला एकूण कांदा’ लिहिले असेल, तर मागणी डावीकडे सरकते आणि नगसंख्या ३०० वरून २५० होते. पुरवठा वक्र जागचा हलत नाही, त्याच्यावर फक्त संकोच होतो. अक्षावर ‘देशी ग्राहकांना मिळालेला कांदा’ लिहिले असेल, तर पुरवठा उजवीकडे सरकतो आणि नगसंख्या २०० वरून २५० होते. भाव दोन्हींत ३० वरून २५. दोन्ही आकृत्या बरोबर आहेत, पण अक्षावर नुसते ‘नग’ लिहिले असेल तर दोन्ही अर्धवट आहेत. नगसंख्या घटली की वाढली, हे ते एक नावच ठरवते. दोन्ही वक्र एकाच आकृतीत हलवणारा विद्यार्थी मात्र तोच १०० टन कांदा दोनदा मोजतो, आणि त्याचा भाव २० वर जाऊन पडतो. चूक ओळखायची खूण हीच.

(काढून ठेवलेला खरीप कांदा टिकत नाही, म्हणून प्रत्यक्षात पुरवठा वक्र याहून बराच उभा असतो आणि भाव जास्त कोसळतो. लासलगावच्या शेतकऱ्याला हे आकृतीविना कळते.)

आणखी एक बारीक गोष्ट. समतोल बिंदूला नुसते ‘स’ लिहून सोडून देणारे पुष्कळ असतात. तिथून दोन्ही अक्षांपर्यंत तुटक रेषा गेल्या नाहीत, तर किंमत किती आणि नग किती हे आकृतीने सांगितलेलेच नसते. किंमत उभ्या अक्षावर का, असेही हुशार मुले विचारतात, कारण गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर असते. तो आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९०च्या ग्रंथापासून रुळलेला प्रघात आहे. मुलांना एवढे सांगितले की अक्षांची उलटापालट बरीच थांबते.

महोदय, माझी मागणी छोटी आहे. अर्थशास्त्राच्या नमुना प्रश्नपत्रिकेसोबत एका आकृतीचा गुणतक्ता छापावा. चार गुणांच्या उत्तरात अक्ष व वक्रांची नावे, मूळ समतोल, योग्य वक्राचे योग्य दिशेला सरकणे आणि नवा समतोल यांना किती गुण, हे त्यात दिसावे. कांद्यासारख्या प्रश्नात अक्षाच्या नावाशी जुळणारी कोणतीही आकृती ग्राह्य धरावी, अशी लेखी सूचना परीक्षकांना द्यावी. आणि ‘आवश्यक तेथे’ हे शब्द काढून, ज्या प्रश्नाला आकृतीचे गुण आहेत त्याच प्रश्नात ‘आकृती काढा’ असे स्पष्ट लिहावे.

आपला,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षक